कर्जखात्यातला चुकीचा व्याजदर आणि दुरुस्तीचे पत्र

दुकानासाठी काढलेल्या कर्जाच्या खातेउताऱ्यात ठरल्यापेक्षा वेगळा व्याजदर लागलेला दिसला, की तो दुरुस्त करून घेण्यासाठी दुकानदाराला बँकेच्या शाखेत लेखी पत्र द्यावे लागते. पत्र जेमतेम पानभराचे असते. पण दर काय ठरला होता, खात्यात कोणता लागला आणि कधीपासून लागला, या तीन गोष्टी त्याला पुराव्यानिशी दाखवाव्या लागतात. शाखाधिकाऱ्याशी कितीही घरोबा असला तरी तोंडी सांगून हे काम सहसा होत नाही, कारण खात्याला जोडलेला दर शाखेत बसून कोणा एकाला बदलता येत नाही. एकाने बदल भरायचा आणि दुसऱ्याने तो तपासून मंजूर करायचा, अशी बँकेची पद्धत असते. मागच्या तारखेपासूनची दुरुस्ती असेल तर बहुतेक बँकांत वरिष्ठ कार्यालयाची परवानगी लागते. तिथल्या अधिकाऱ्याने ना दुकान पाहिलेले असते, ना दुकानदार. त्याच्या टेबलावर जातो तो कागद, आणि एकही प्रश्न परत न विचारता निर्णय घेता येईल इतका तो कागद पुरा असावा लागतो.

दर कसा बनतो

चूक नेमकी कुठे आहे हे सांगण्यासाठी आधी दर कशाचा बनलेला असतो ते पाहावे लागते. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी सूक्ष्म व लघु उद्योगांना दिलेली फिरत्या व्याजदराची नवी कर्जे बाह्य बेंचमार्कला जोडावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. त्यामुळे अशा कर्जाचा दर दोन भागांचा असतो. एक रेपो दर, जो रिझर्व्ह बँक ठरवते आणि जो सर्वांना सारखा असतो. दुसरा स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँक जे टक्के चढवते ते. कर्जदाराची जोखीम, तारण आणि बँकेचा खर्च पाहून स्प्रेड ठरतो आणि तो मंजुरीपत्रात लिहिलेला असतो.

या दोन भागांचे नियम वेगवेगळे आहेत. रेपो बदलला की त्याचा परिणाम कर्जावर किमान तीन महिन्यांतून एकदा व्हावाच लागतो. या तारखेला रीसेटची तारीख म्हणतात. स्प्रेड मात्र बँकेला मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही. त्यातला जोखमीचा भाग कर्जदाराची पत लक्षणीय बदलली तरच आणि करारात तशी तरतूद असेल तरच बदलता येतो. बाकीचा भाग वाढवायचा असेल तर तीन वर्षांतून एकदाच. म्हणून उताऱ्यातला दर वेगळा दिसला की पहिला प्रश्न हा, की फरक रेपोमुळे पडला आहे की स्प्रेडमुळे. रीसेटनंतर दर रेपोइतकाच हलला असेल तर ती चूक नसते. रेपो जागेवर असताना दर वेगळा असेल, किंवा रेपो उतरूनही रीसेटनंतर दर तसाच राहिला असेल, तर मात्र चौकशी करायला जागा आहे.

नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था या बेंचमार्क नियमाखाली येत नाहीत. तिथे संचालक मंडळाने ठरवलेला दर मंजुरीपत्रात एकाच आकड्याने लिहिलेला असतो. तिथली तुलना सोपी आहे. मंजुरीपत्रातला आकडा आणि उताऱ्यातला आकडा शेजारी ठेवले की झाले. दर बदलल्याची सूचना दिली गेली होती का, एवढे तिथे आधी पाहावे लागते.

चूक शिरते कुठे

कर्ज मंजूर करणारा आणि खाते उघडणारा हे बहुधा वेगवेगळे लोक असतात. मंजुरीपत्रावर हाताने किंवा टिपणीत दिलेली सवलत संगणकात वेगळी भरावी लागते. ती भरायची राहिली, तर संगणक त्या कर्जप्रकाराचा नेहमीचा स्प्रेड लावून मोकळा होतो. मंजुरीनंतर ठरावीक अटी पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या सवलतीत हे विशेष होते, कारण खाते आधी उघडलेले असते आणि सवलत नंतर चढवायची असते. कधी स्प्रेडचे आकडे उलटसुलट भरले जातात, कधी खाते दुसऱ्याच कर्जप्रकाराच्या कोडखाली उघडले जाते, तर कधी रीसेटचा कालावधी चुकीचा पडतो.

ही चूक बराच काळ लक्षात येत नाही, याचे कारण हप्ता. बऱ्याच खात्यांत हप्ता मंजुरीपत्राप्रमाणे ठरलेला राहतो आणि बँक खात्यातून दरमहा तेवढीच रक्कम जाते. दर जास्त लागला तरी हप्ता वाढत नाही. त्याच हप्त्यातला जास्त भाग व्याजाकडे वळतो आणि मुद्दल हळू फिटते. फरक दिसतो तो येणेबाकीत आणि शेवटी वाढलेल्या हप्त्यांत. म्हणून मोबाइलवरचा हप्ता कापल्याचा संदेश पाहून काही कळत नाही. खातेउतारा काढून व्याजाच्या नोंदीच पाहाव्या लागतात.

छापलेला दर आणि लागलेला दर

पत्र लिहिण्याआधी एक तपासणी अत्यावश्यक आहे. उताऱ्याच्या डोक्यावर दर चुकीचा छापला आहे, पण व्याज बरोबर आकारले आहे, असे असू शकते. तसे असेल तर मागणी फक्त नोंद सुधारण्याची राहते आणि परताव्याचा प्रश्नच येत नाही. उलट, छापलेला दर बरोबर असून व्याज जास्त लागलेले असू शकते. कोणते झाले आहे हे व्याजाच्या एका नोंदीवरून उलटा हिशेब करून कळते. महिनाभर येणेबाकी बदललेली नाही असा महिना निवडायचा. त्या महिन्याचे नावे टाकलेले व्याज गुणिले ३६५ गुणिले १००, भागिले येणेबाकी गुणिले महिन्याचे दिवस. उत्तर येईल तो प्रत्यक्ष लागलेला वार्षिक दर.

एका हार्डवेअर दुकानाचे उदाहरण घेऊ. दुकानदाराला ८,००,००० रुपयांचे मुदत कर्ज ६० हप्त्यांत फेडण्यासाठी मंजूर झाले. मंजुरीपत्र २० जून २०२५ चे आहे. तेव्हा रेपो दर ५.५० टक्के होता. बँकेचा नेहमीचा स्प्रेड ४.५० टक्के. दुकानाचा गाळा तारण दिल्यास त्यात १ टक्का सवलत, म्हणजे ३.५० टक्के स्प्रेड आणि एकूण दर ९.०० टक्के. हप्ता १६,६०७ रुपये. रीसेटच्या तारखा १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. गाळ्याचे मूळ दस्त दुकानदाराने २७ जूनला बँकेत जमा केले आणि तारणाची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० जूनला दाखल केली. १ जुलैला पूर्ण रक्कम दिली गेली. महिन्याच्या शेवटी व्याज नावे पडते आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला हप्ता जमा होतो.

डिसेंबरअखेरचा उतारा काढला तेव्हा व्याजदराच्या रकान्यात १०.०० टक्के होते. जुलैची नोंद पाहिली. महिनाभर येणेबाकी ८,००,००० रुपये, दिवस ३१, नावे पडलेले व्याज ६,७९५ रुपये. हिशेब केला तर ६,७९५ गुणिले ३६,५०० म्हणजे २४,८०,१७,५००. त्याला ८,००,००० गुणिले ३१, म्हणजे २,४८,००,००० ने भागले की १०.०० येते. छपाईची चूक नव्हती. दर खरोखरच १०.०० टक्के लागला होता. खात्याला लागू असलेला रेपो या सहा महिन्यांत ५.५० वर स्थिर होता, म्हणजे चूक स्प्रेडमध्येच होती. ३.५० च्या जागी ४.५० भरले गेले होते. गाळ्याच्या तारणाची सवलत चढवायची राहिली होती.

फरकाचा हिशेब

दर महिन्याच्या फरकाची अंदाजी बेरीज करून चालत नाही. जास्तीचे व्याज मुद्दलात मिळून त्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा व्याज लागते. म्हणून खाते सुरुवातीपासून बरोबर दराने पुन्हा मांडावे लागते. ९.०० टक्क्यांनी जुलैचे व्याज ६,११५ रुपये येते. त्यात ८,००,००० मिळवून हप्ता वजा केला की १ ऑगस्टची येणेबाकी ७,८९,५०८. तिच्यावर ऑगस्टच्या ३१ दिवसांचे व्याज ६,०३५. असेच पुढे जायचे. सहा महिन्यांचा तक्ता असा होतो.

| महिना | बँकेने लावलेले व्याज (रु.) | ९.०० टक्क्यांनी व्याज (रु.) | जादा (रु.) |
|---|---|---|---|
| जुलै २०२५ | ६,७९५ | ६,११५ | ६८० |
| ऑगस्ट | ६,७११ | ६,०३५ | ६७६ |
| सप्टेंबर | ६,४१३ | ५,७६२ | ६५१ |
| ऑक्टोबर | ६,५४१ | ५,८७१ | ६७० |
| नोव्हेंबर | ६,२४७ | ५,६०२ | ६४५ |
| डिसेंबर | ६,३६७ | ५,७०५ | ६६२ |
| एकूण | ३९,०७४ | ३५,०९० | ३,९८४ |

१ जानेवारी २०२६ चा हप्ता जमा झाल्यावर बँकेच्या खात्यात येणेबाकी ७,३९,४३२ रुपये दिसते. बरोबर दराने ती ७,३५,४४८ असायला हवी. फरक पुन्हा ३,९८४ रुपयेच येतो. तक्त्यातली बेरीज आणि येणेबाकीतला फरक जुळणे ही हिशेब बिनचूक असल्याची खूण. बँक पैशांची गोळाबेरीज वेगळी करत असल्यास रुपया-दोन रुपयांचा फरक राहू शकतो. तेवढ्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

रक्कम सहा महिन्यांत लहान दिसते. दर तसाच राहिला असता आणि रेपो हलला नसता तर हे कर्ज ६० ऐवजी ६२ व्या हप्त्याला संपले असते आणि दुकानदाराला सुमारे ३० हजार रुपये जास्त भरावे लागले असते.

या खात्यात आणखी एक गुंतागुंत आहे. रिझर्व्ह बँकेने ५ डिसेंबर २०२५ ला रेपो ५.२५ टक्के केला. त्यामुळे १ जानेवारी २०२६ च्या रीसेटला बरोबर दर ८.७५ टक्के होतो. स्प्रेड ४.५० राहिला तर बँकेच्या संगणकात ९.७५ दिसेल. दहाचा पावणेदहा झाला म्हणून दुकानदाराला वाटेल की बँकेने काहीतरी दुरुस्त केले. प्रत्यक्षात रेपो उतरला आहे आणि एक टक्क्याची चूक तशीच आहे. म्हणून पत्रात नुसते ‘दर ९ टक्के करावा’ असे लिहिणे धोक्याचे ठरते. जानेवारीनंतर तो आकडाही चुकीचा ठरतो. मागणी स्प्रेडची करायची.

पत्राचा नमुना

कंसातल्या जागी आपापला तपशील भरून हे पत्र असे होते.

दिनांक : ७ जानेवारी २०२६

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे नाव), (शाखा)

विषय : मुदत कर्ज खाते क्र. (खाते क्रमांक) मध्ये स्प्रेडची चुकीची नोंद दुरुस्त करून जादा आकारलेले व्याज परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) मंजुरीपत्र क्र. (क्रमांक), दि. २० जून २०२५
२) खातेउतारा, दि. १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२५

महोदय,

वरील खाते (दुकानाचे नाव) या माझ्या मालकीच्या हार्डवेअर दुकानाच्या नावे आहे. संदर्भ १ मधील मंजुरीपत्राच्या व्याजदराच्या कलमाप्रमाणे या कर्जावर रेपो दर अधिक ३.५० टक्के स्प्रेड लागू आहे. मंजुरीच्या वेळी रेपो ५.५० टक्के असल्याने दर ९.०० टक्के ठरला होता. स्प्रेडमधील १ टक्का सवलत दुकानाचा गाळा तारण देण्याच्या अटीवर होती. गाळ्याचे मूळ दस्त दि. २७ जून २०२५ रोजी शाखेत जमा केले असून नोटीस ऑफ इंटिमेशन दि. ३० जून २०२५ रोजी दाखल केली आहे. दोन्हींच्या पावत्या सोबत आहेत.

संदर्भ २ मधील उताऱ्यात मात्र दर १०.०० टक्के दिसतो आणि दि. १ जुलै २०२५ पासून व्याजही त्याच दराने नावे टाकलेले आहे. उदाहरणार्थ, जुलै २०२५ मध्ये ८,००,००० रुपयांवर ३१ दिवसांचे व्याज ६,११५ रुपये हवे असताना ६,७९५ रुपये लागले आहे. या काळात खात्याला लागू असलेला रेपो दर बदललेला नाही. स्प्रेड बदलल्याची कोणतीही सूचना मला मिळालेली नाही. ३.५० ऐवजी ४.५० टक्के स्प्रेड नोंदला गेल्यामुळे हा फरक पडला असावा.

महिनावार हिशेबाप्रमाणे दि. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत ३,९८४ रुपये जादा व्याज आकारले गेले आहे. हिशेबाचा तक्ता सोबत जोडला आहे.

तरी कृपया पुढील कार्यवाही करावी ही विनंती :

१) खात्यातील स्प्रेड दि. १ जुलै २०२५ पासून ३.५० टक्के करावा. त्यानुसार दि. १ जानेवारी २०२६ च्या रीसेटनंतरचा दर ८.७५ टक्के राहील.
२) जादा आकारलेले व्याज दि. १ जानेवारी २०२६ च्या व्हॅल्यू डेटने कर्जखात्यात जमा करावे. त्यानंतरच्या काळात जादा व्याज लागल्यास त्याचाही समावेश करावा.
३) दुरुस्त खातेउतारा आणि सुधारित परतफेड वेळापत्रक द्यावे.

आपल्या नोंदीप्रमाणे १०.०० टक्के दर योग्य असल्यास त्याचा आधार असलेले कलम किंवा आदेश लेखी कळवावा. हप्ते नियमित भरले आहेत व पुढेही भरले जातील.

आपला विश्वासू,
(सही व दुकानाचा शिक्का)
(नाव), मालक, (दुकानाचे नाव), (पत्ता व मोबाइल)

सोबत : मंजुरीपत्राची प्रत, मुख्य तथ्य विवरणपत्राची प्रत, खातेउतारा, तारणाच्या दोन पावत्या, हिशेबाचा तक्ता.

पत्रातल्या वाक्यांमागचे कारण

विषयात खाते क्रमांक आणि चुकीचा प्रकार दोन्ही आहेत, कारण शाखेच्या आवक वहीत पत्राची ओळख तेवढीच उतरते. ‘व्याजाबाबत तक्रार’ असा विषय दिला तर पत्र तक्रारींच्या ढिगात जाते. ‘स्प्रेडची नोंद दुरुस्ती’ लिहिले तर ते कर्ज विभागाकडे जाते.

सवलतीच्या अटीचा उल्लेख महत्त्वाचा आहे. सवलत बहुधा कशावर तरी अवलंबून असते. कुठे तारण, कुठे दुकानाचा गल्ला याच बँकेत भरणे, कुठे विमा. अट पूर्ण झालेली नसेल तर जास्त दर ही चूक नसते आणि अख्खे पत्र कोसळते. वरिष्ठ कार्यालय पहिली शंका हीच काढते. म्हणून अट कधी पूर्ण झाली त्याची तारीख आणि पावती पत्रातच असावी.

मुख्य तथ्य विवरणपत्र जोडायचे तेही कारणासाठी. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांसाठी बँकेला ते द्यावेच लागते आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. बेंचमार्क, स्प्रेड आणि अंतिम दर त्यात ओळीने लिहिलेले असतात. त्यातच वार्षिक टक्केवारी दर हा आणखी एक आकडा असतो. त्यात प्रक्रिया शुल्कासारखे खर्च मिळवलेले असल्यामुळे तो व्याजदरापेक्षा जास्त असतो. पुष्कळ दुकानदार या दोन आकड्यांची गल्लत करतात. तुलना व्याजदराशीच करायची.

‘आपल्या नोंदीप्रमाणे दर योग्य असल्यास आधार कळवावा’ हे वाक्य बँकेला दुसरी बाजू मांडायला जागा देते. सोबतच ‘तपासले, दर बरोबर आहे’ अशा एका ओळीच्या उत्तराची वाटही बंद करते. पुढे तक्रार वर न्यावी लागली तर बँकेने कलम सांगितले की नाही, हेच आधी पाहिले जाते.

हप्ते चालू ठेवण्याचे वाक्य शिष्टाचाराचे नाही. रागाने हप्ता थांबवला की खाते थकीत दिसते आणि ती नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते. व्याजाचा मुद्दा बरोबर असूनही थकबाकी मात्र खरी ठरते. फरकाची रक्कम हप्त्यातून आपणच कापून घेणे हाही तोच प्रकार.

पत्र दिल्यानंतर

पत्राच्या दोन प्रती न्यायच्या. एक शाखेत द्यायची आणि दुसरीवर तारीख, सही, शिक्का अशी पोच घ्यायची. शाखा पोच द्यायला टाळाटाळ करत असेल तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवायचे आणि तेच पत्र बँकेच्या तक्रार कक्षाला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्यायचा. पुढच्या सगळ्या मुदती या तारखेपासून मोजल्या जातात.

उत्तर येण्याआधी शाखेने शिल्लक पुष्टीपत्र सहीसाठी पुढे केले तर सावध राहावे. अमुक तारखेला अमुक रक्कम देणे आहे, अशी ती लेखी कबुली असते. कर्जवसुलीची मुदत लांबवण्यासाठी कायद्याने बँकेला तिचा उपयोग होतो, म्हणून बँका ती ठरावीक काळाने घेतात. सही नाकारायचे कारण नाही. मात्र सहीजवळ ‘व्याजदर दुरुस्तीच्या दि. ७ जानेवारी २०२६ च्या पत्राच्या अधीन राहून’ असे लिहावे. नाहीतर चुकीचा आकडा दुकानदाराने स्वतःच मान्य केल्याचा कागद तयार होतो.

आर्थिक वर्ष संपण्याआधी दुरुस्ती झालेली बरी. दुकानाच्या हिशेबात कर्जाचे व्याज खर्च म्हणून लिहिले जाते. परतावा ३१ मार्चच्या आत आला तर त्याच वर्षीचा खर्च कमी होतो. पुढच्या वर्षी आला तर तो त्या वर्षीच्या हिशेबात घ्यावा लागतो आणि व्याजाचा जुना दाखला व वहीचा आकडा यांचा मेळ घालत बसावे लागते. लेखापालाला पत्राची एक प्रत आधीच दिलेली चांगली.

बँकेने ऐकले नाही तर

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. देशभरासाठीची एकत्रित लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो आणि तेच प्रकरण न्यायालयात चालू असता कामा नये. पोच घेतलेली प्रत इथेच उपयोगी पडते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथल्या कर्जाची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करावी लागते.

या पत्राची मर्यादाही ओळखायला हवी. ते नोंदीतली चूक दुरुस्त करून घेऊ शकते, करार बदलून घेऊ शकत नाही. मंजुरीपत्रात ९.०० आणि सही केलेल्या करारनाम्यात १०.०० असे असेल, तर बँक करारनाम्यावर बोट ठेवते. अशा वेळी आधी करारातला आकडा चुकून लिहिला गेला हे दाखवावे लागते. मंजुरीपत्रानंतर दर वाढल्याचे कोणतेही सुधारित पत्र दिले नव्हते, एवढाच आधार मग उरतो आणि निकाल कोणत्याही बाजूने जाऊ शकतो. दुसऱ्या बँकेत किंवा शेजारच्या दुकानदाराला कमी दर मिळतो, ही तर चूक नव्हेच. त्यासाठी दर कमी करण्याचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

दुरुस्ती पुरी झाली का

‘दुरुस्ती केली आहे’ असा निरोप आला तरी ती अर्धी असू शकते. कधी पुढचा दर सुधारतात आणि मागचा परतावा विसरतात. कधी परतावा जमा करतात आणि स्प्रेड तसाच राहतो, मग पुढच्या महिन्यापासून तीच चूक पुन्हा सुरू होते. हे ओळखण्याची जागा म्हणजे त्यानंतरची व्याजाची पहिली नोंद.

वरच्या उदाहरणात दुरुस्ती जानेवारीतच झाली आणि परतावा १ जानेवारीच्या व्हॅल्यू डेटने जमा झाला असे धरू. ३१ जानेवारीला ३१ दिवसांचे व्याज ५,४६५ रुपये नावे पडले तर दोन्ही कामे झाली. ७,३५,४४८ रुपयांवर ८.७५ टक्क्यांनी तेवढेच येते. ५,४९५ पडले तर दर सुधारला आहे, पण परतावा जमा झालेला नाही. ६,०९० पडले तर परतावा आला आहे, स्प्रेड मात्र जुनाच आहे. आणि ६,१२३ पडले तर खात्याला अजून कोणी हात लावलेला नाही. पहिला आकडा आला तर दुरुस्त उतारा आणि सुधारित वेळापत्रक मंजुरीपत्राच्या फाइलला लावून प्रकरण मिटवता येते. बाकीच्यांपैकी कोणताही आला तर आधीच्या पत्राचा आणि तक्रार क्रमांकाचा संदर्भ देऊन, नेमके काय राहिले एवढेच सांगणारे चार ओळींचे स्मरणपत्र पुरते.